स्लॉट की गठ्ठा? दुकानातलं काम सांभाळून पूर्वपरीक्षेचा अभ्यास करताना

एमपीएससीच्या गट-ब संयुक्त पूर्वपरीक्षेच्या तयारीसाठी मी बार्शीहून पुण्यात आले, तेव्हा घरून येणारे पैसे कॉट, मेस आणि अभ्यासिका या तिन्हींना पुरणार नाहीत हे माहीत होतं. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी साडेचार ते साडेनऊ असं काम धरलं. रविवारी सुट्टी. बाकी सगळा वेळ अभ्यासाला, असा हिशेब होता.

पहिल्याच आठवड्यात मी दिवसाचे सात स्लॉट पाडले. सकाळी साडेसहापासून दुपारी चारपर्यंत सहा आणि दुकानातून परतल्यावर सव्वादहा ते पावणेबारा सातवा. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, विज्ञान, गणित आणि रात्री चालू घडामोडी. वहीच्या डाव्या पानावर हे वेळापत्रक होतं आणि उजव्या पानावर त्या वेळेत खरंच काय झालं ते पेन्सिलीने लिहायचं ठरवलं. ही उजव्या पानाची सवय मी अजून सोडलेली नाही, कारण पुढचे सगळे निर्णय मी त्यावरूनच घेतले.

दुकानाचे बारा दिवस झाल्यावर मी ती पानं मोजली. सकाळचे पहिले तीन स्लॉट म्हणजे एकूण ३६, त्यातले ३० पूर्ण झाले होते. रात्रीचे १२, त्यातले फक्त ३. पाच तास उभं राहून, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग करून आल्यावर वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. तीच बातमी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. दुपारच्या शेवटच्या स्लॉटची गत वेगळी होती. गर्दी असली की दुकानाचे मालक असलेल्या काकांचा फोन यायचा, "अगं, आज जरा चारलाच येशील का?" त्या दुकानावर माझं जेवण चालतं, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

दिवस मोडत होता तो मात्र एका स्लॉटने नाही. राज्यशास्त्राचा धडा चाळीस मिनिटं लांबला की मी ती चाळीस मिनिटं इतिहासातून काढायची, इतिहासाची भरपाई भूगोलातून करायची आणि दुपारपर्यंत वहीतलं वेळापत्रक आणि माझं टेबल यांचा काही संबंध उरायचा नाही. शिवाय स्लॉटवर मी नुसतं 'भूगोल' लिहीत होते. मग बसल्यावर आज नक्की काय करायचं हे ठरवण्यातच पंधरा-वीस मिनिटं जायची.

अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई बसायच्या. त्यांनी मुख्य परीक्षा आधी एकदा दिली होती. माझी वही बघून त्या म्हणाल्या, "रोज सात विषयांना हात लावतेस, म्हणून एकही धड होत नाही. एका जातीचं काम एकत्र कर, गठ्ठ्याने." त्या याला बॅच म्हणायच्या, मी गठ्ठाच म्हणते. पुढचे पाच आठवडे मी सगळंच गठ्ठ्याने केलं. एक वार एका विषयाला, गणित रविवारी सलग पाच तास आणि आठवड्याची वर्तमानपत्रं शनिवारी दुपारी एकदम.

वर्तमानपत्रांचा गठ्ठा इतका चांगला जमला की त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. रोज टिपणं काढताना एखादं विधेयक मांडलं गेल्याची बातमी मी सोमवारी लिहायची, एका सभागृहात मंजूर झाल्याची बुधवारी आणि दुसऱ्या सभागृहातली शुक्रवारी. एकाच गोष्टीची तीन टिपणं, तीही तीन वेगळ्या पानांवर. सहा अंक समोर ठेवून बसल्यावर शुक्रवारची बातमी आधी वाचायची, आणि मागच्या दोन तिच्यात आपोआप सामावायच्या. नियुक्त्या, पुरस्कार, क्रीडा, योजना, अहवाल असे मथळे आधीच आखून ठेवले की प्रत्येक बातमीला जागा शोधावी लागत नाही. रोज सव्वा तास खाणारं काम शनिवारी अडीच तासांत संपायला लागलं.

पण एका शनिवारी गावी जावं लागलं आणि पुढच्या आठवड्यात बारा अंक साचले. ते काही मी पूर्ण वाचू शकले नाही. तेव्हापासून रोज दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, फक्त पेन्सिलीने खुणा करते. काही लिहायचं नाही, कापायचं नाही. या कामाला वेळ ठरवून देता येत नाही आणि द्यायची गरजही नाही. मध्येच कोणी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली तरी काही बिघडत नाही, कारण खूण केलेली जागा तिथेच राहते. लिहिणं शनिवारी. गठ्ठा मोठा झाला तरी वाचायचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

गणिताच्या गठ्ठ्याने मात्र मला फसवलं आणि ते कळायला महिना गेला. एका रविवारी शेकडेवारी, पुढच्या रविवारी नफा-तोटा, मग काळ-काम-वेग, असं मी एकेक प्रकरण संपवत होते. साठ प्रश्नांपैकी पन्नास-बावन्न बरोबर यायचे. मग अभ्यासिकेतल्या चौघींनी मिळून एका जुन्या प्रश्नपत्रिकेची वेळ लावली. १०० प्रश्न, एक तास. त्यात गणित आणि बुद्धिमापनाचे पंधरा-वीस प्रश्न, त्यातले माझे सात बरोबर आले, पाच चुकले आणि बाकीच्यांना वेळच उरला नाही. चार चुकीच्या उत्तरांना एक गुण जातो, म्हणजे त्या पाच चुकांनी सव्वा गुण वरून नेला.

चुकलेला एक प्रश्न मला अजून आठवतो. अ चं उत्पन्न ब पेक्षा २५ टक्के जास्त आहे, तर ब चं उत्पन्न अ पेक्षा किती टक्के कमी? मी २५ लिहून आले. ब ला १०० धरलं तर अ १२५, फरक २५ चाच, पण आता तो १२५ वर मोजायचा, म्हणून उत्तर २० टक्के. हाच प्रकार रविवारी मी ओळीने आठ वेळा बरोबर सोडवला होता. त्या दिवशी पानाच्या माथ्यावर 'शेकडेवारी' लिहिलेलं होतं आणि पहिली दोन उदाहरणं झाल्यावर उरलेल्या सहांना पाया बदलतो हे ओळखायची गरजच नव्हती. हात आपोआप चालत होता. परीक्षेत त्याच्या आधी संविधानातल्या कलमाचा प्रश्न असतो आणि नंतर नदीच्या उपनदीचा. तिथे आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे ओळखावं लागतं, आणि नेमकं तेवढंच मी कधी केलं नव्हतं. शिवाय रविवारी केलेलं पुढच्या शनिवारपर्यंत बरंचसं विसरलेलं असायचं.

म्हणून गणित गठ्ठ्यातून काढून पुन्हा स्लॉटमध्ये आणलं, पण वेगळ्या तऱ्हेने. रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात, पंधरा प्रश्न, निदान चार प्रकरणांतले मिसळलेले. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा टायमर. १०० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे एकाला ३६ सेकंद येतात, पण इतिहासाचा प्रश्न माहीत असेल तर पंधरा-वीस सेकंदांत होतो, आणि तिथे वाचलेला वेळ गणिताकडे वळवता येतो. म्हणून गणिताला मी मिनिट-मिनिट धरते. उरलेला अर्धा तास फक्त चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नांना. प्रत्येकापुढे एक शब्द लिहायचा: ओळखलं नाही, आकडेमोड, की वेळ. पहिल्या दहा दिवसांत 'ओळखलं नाही' हा शेरा सगळ्यात जास्त होता. दीड महिन्यानंतर 'आकडेमोड' पुढे गेली, तेव्हा पाढे आणि वर्ग पुन्हा पाठ करायला घेतले.

बाकी विषयांचं एका वाराला एक असं मी चालू ठेवलं नाही. सोमवारी वाचलेलं राज्यशास्त्र पुढच्या सोमवारी परकं वाटायचं. आता सकाळी दोन मोठे स्लॉट, दोन विषय, आणि तेच दोन ओळीने तीन दिवस. स्लॉटवर काम लिहिते, विषय नाही. 'भूगोल' ऐवजी 'भीमेच्या उपनद्या: कोऱ्या नकाशावर घोड, नीरा, सीना, माण काढायच्या, मग जुने वीस प्रश्न.' नकाशा बघून काढला की बघून, न बघता काढला की न बघता, हे उजव्या पानावर लिहायचं. दुपारी अडीच ते चार कोणतंच नवीन काम ठेवलेलं नाही. सकाळी जे लांबलं ते तिथे येतं, आणि काकांचा फोन आला तर तेवढंच जातं. रात्री फक्त सकाळच्या चुका एकदा वाचायच्या, वीस मिनिटं, मग झोप.

बारीकसारीक कामं मात्र पूर्ण गठ्ठ्याने. मेसचे पैसे, कपडे, बँक, प्रश्नपत्रिकांचे प्रिंट काढणं, घरी सविस्तर फोन, सगळं रविवारी दुपारी. आधी यातलं एकेक काम रोज कुठल्या तरी स्लॉटच्या मध्ये घुसायचं, आणि दहा मिनिटांच्या कामासाठी उठलं की परत डोकं लागायला अर्धा तास जायचा.

एक अडचण मात्र या मांडणीने सुटली नाही. अर्ज भरायचे शेवटचे दिवस आणि प्रवेशपत्रं निघण्याचे दिवस दुकानात सगळ्यात गर्दीचे असतात, आणि माझ्या अभ्यासाचेही तेच दिवस मोलाचे. प्रवेशपत्रं आली त्या आठवड्यात मी तीन दिवस अकरापर्यंत दुकानात होते. दुपारची मोकळी जागा, रात्रीची उजळणी, शनिवारचा गठ्ठा, सगळं गेलं. सकाळचा गणिताचा स्लॉट तेवढा रोज झाला, तोही उशिरा उठल्याने सातला सुरू. पुढच्या वेळी त्या आठवड्याची सुट्टी काकांकडे दोन महिने आधी मागायची आणि त्या बदल्यात आधीचे चार रविवार दुकानात उभं राहायचं, असं आम्ही ठरवलं आहे. काका म्हणाले, "दोन रविवार पुरे, बाकीचे अभ्यासाला ठेव."