डायक्स्ट्राचा तक्ता: तिसऱ्या ओळीने घातलेला घोळ आणि त्यातून बाहेर पडणं

सर्वात लहान मार्ग शोधायची डायक्स्ट्राची पद्धत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. नियम चार ओळींत मावतो, आणि तरी मला ज्या नोट्स मिळाल्या होत्या त्यांतला सोडवलेला तक्ता बघून माझं डोकं फिरलं. आकडे सगळे बरोबर होते, पण कोणता आकडा कुठून आला याचा एका शब्दानेही खुलासा नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून तशाच धाटणीचं एक उदाहरण इथे नीट मांडते.

पाच नोड आहेत: अ, ब, क, ड, इ. एजेसची वजनं अशी: अ–ब ४, अ–क २, क–ड ७, क–इ ६, ब–ड ३, ड–इ २. सुरुवात अ पासून. म्हणून अ चं अंतर ०, बाकी सगळ्यांचं अनंत.

| निवडलेला नोड | ब | क | ड | इ |
|---|---|---|---|---|
| अ (०) | ४, अ | २, अ | ∞ | ∞ |
| क (२) | ४, अ | पक्का | ९, क | ८, क |
| ब (४) | पक्का | | ७, ब | ८, क |
| ड (७) | | | पक्का | ८, क |
| इ (८) | | | | पक्का |

आकड्याशेजारचं अक्षर म्हणजे तिथे कुठून आलो ते. नोट्समध्ये नेमकं हेच गाळलं होतं. ते नसेल तर शेवटी अंतर कळतं, रस्ता कळत नाही.

पहिल्या दोन ओळींत काही अडत नाही. अ चे शेजारी ब आणि क, त्यांना ४ आणि २ मिळाले. २ लहान, म्हणून क पक्का. क मधून ड ला २ + ७ = ९, इ ला २ + ६ = ८.

आता तिसरी ओळ. आपण क वर उभे आहोत, क चे मोकळे शेजारी ड आणि इ, आणि तक्ता मात्र म्हणतो ब निवडा. क आणि ब यांच्यात एजच नाही! मी बराच वेळ आकृतीत ती एज शोधत बसले. ती नव्हतीच, आणि लागणारही नव्हती. या पद्धतीत आपण कुठे ‘उभे’ नसतोच. दर वेळी सगळ्या मोकळ्या नोडची अंतरं एकत्र बघायची: ब ४, इ ८, ड ९. त्यांत सर्वात लहान ब. तो मागच्या नोडचा शेजारी आहे की नाही, हे विचारायचंच नाही. एजचं एकटं वजनही बघायचं नाही. बघायचं ते सुरुवातीपासूनचं एकूण अंतर.

पण ब चं ४ आत्ताच पक्कं कसं धरायचं? पुढे एखादा स्वस्त रस्ता निघाला तर? समजा निघाला. तो ब पर्यंत येण्याआधी ड किंवा इ मधून येणार, कारण अ आणि क मधून निघणारे सगळे रस्ते हिशोबात आलेले आहेत. इ पर्यंतच ८ होतात, ड पर्यंत ९. तिथून पुढे वजन वाढेल, फार तर तेवढंच राहील, म्हणजे ४ च्या खाली येणं शक्य नाही. हे पटलं आणि अख्खा तक्ता सरळ दिसायला लागला.

याच युक्तिवादात पद्धतीची मर्यादाही आहे: वजन ऋण नको. ब कडून क कडे उणे ३ वजनाची एकेरी एज असती, तर अ–ब–क हा रस्ता १ चा झाला असता, आणि क तर २ वर आधीच पक्का करून बसलो असतो. तक्ता निमूटपणे चुकीचं उत्तर देतो, कुठे अडत नाही. ऋण वजन दिसलं की बेलमन-फोर्ड वापरा.

ब पक्का झाल्यावर ड ला ४ + ३ = ७. आधीच्या ९ पेक्षा कमी, म्हणून ९ वर काट मारून ‘७, ब’. खोडरबराने पुसू नका. चूक शोधताना जुना आकडाच कामाला येतो. ड मधून इ ला ७ + २ = ९, पण तिथे ८ आहेच, म्हणून बदल नाही. अशा वेळी अक्षरही बदलायचं नाही.

आधीच सांगायला हवं होतं ते हे: निवडलेल्या नोडची अंतरं वरून खाली वाचा. इथे ०, २, ४, ७, ८. ती कधीच घटत नाहीत. मध्येच आकडा खाली आला तर वरच्या ओळीत निवड किंवा बेरीज चुकली आहे, नाहीतर वजन ऋण आहे. दोन नोड सारख्याच अंतरावर आले तर कोणताही आधी घ्या, अंतरं बदलत नाहीत.

रस्ता मात्र उलटा वाचायचा: ड शेजारी ब, ब शेजारी अ, म्हणून अ–ब–ड. आणि फक्त ड चंच उत्तर हवं असेल, तर ड पक्का झाला की थांबा. त्याच्या रकान्यात पहिला आकडा पडला तेव्हा थांबलात तर ९ लिहून मोकळे व्हाल.