240 घरं की 12 गावं?

मागच्या हिवाळ्यात आमच्या संस्थेने यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत कापूस विक्रीचा सर्व्हे केला. चिठ्ठ्या टाकून 12 गावं निवडली आणि प्रत्येक गावातून 20 घरं, तीही चिठ्ठ्या टाकूनच. एकूण 240 घरं झाली. त्याच्या स्लाइड्स माझ्याकडे आल्या आणि ग्रामसभेत वाचता येईल अशा साध्या भाषेत निष्कर्ष लिहायचं काम मला मिळालं.

पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं: ‘बहुसंख्य शेतकरी खेडा खरेदीत कापूस विकतात: 54%’. मी आधी खालच्या कोपऱ्यातला बारीक आकडा पाहिला, n = 240. टक्का किती घरांवर उभा आहे ते कळल्याशिवाय मी वाक्य लिहीत नाही. 240 पैकी 130 घरांनी खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, कापूस दिला होता. बाकीच्यांनी तो बाजार समितीत किंवा सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर नेला होता.

सर्व्हेतला टक्का खऱ्या आकड्यापासून साधारण किती इकडे-तिकडे असू शकतो, ते म्हणजे मार्जिन ऑफ एरर. ते अंदाजे काढायची सोपी रीत मला माहीत होती: 1 ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं. 240 चं वर्गमूळ साधारण 15.5, म्हणजे मार्जिन जवळपास 6.5 टक्क्यांचं. 54 मधून ते वजा केलं की 47.5 आणि मिळवलं की 60.5. खरा आकडा निम्म्याच्या खालीही असू शकतो, म्हणून ‘बहुसंख्य’ हा शब्द मी काढला आणि ‘साधारण निम्मी घरं’ असं लिहिलं. काम झालं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरोघर फिरलेल्या आमच्या भाऊंना तो मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘‘ताई, निम्मं कुठं हाय? ज्या गावात व्यापाऱ्याची गाडी येते, तिथं सारं गाव त्यालेच देते. जिथं येत नाही, तिथं कोणीच देत नाही.’’

मी गाववार आकडे काढले. 20 पैकी खेडा खरेदीवाली घरं अशी होती: 18, 17, 17, 16, 14, 12, 10, 8, 6, 5, 4, 3. भाऊंचं म्हणणं समोर दिसत होतं. गाडी कोणाची येते, उचल कोणी दिली आहे, बाजार समिती किती लांब आहे, हे सगळं अख्ख्या गावाला सारखंच लागू होतं. त्यामुळे एका गावातली 20 उत्तरं ही 20 वेगवेगळी उत्तरं नसतात. एका घराचं कळलं की शेजारच्याचं बरंचसं कळतं. माझी सोपी रीत मात्र प्रत्येक घर सुटं धरते. गावागणिक आकडे इतके लांब-लांब पसरलेले दिसले, की ती रीत बाजूला ठेवायची.

मग मी गावच एकक धरलं. 12 गावांच्या टक्क्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती पसरले आहेत याचं माप, साधारण 28 आलं. त्याला 12 च्या वर्गमुळाने भागलं तर 8. गावं इतकी कमी असली की त्याला 2 ऐवजी 2.2 ने गुणावं लागतं, म्हणून मार्जिन निघालं सुमारे 18 टक्क्यांचं. कुठे साडेसहा आणि कुठे अठरा! म्हणजे खरा आकडा 36 पासून 72 पर्यंत कुठेही असू शकत होता. माझं ‘साधारण निम्मी’सुद्धा जास्तच ठाम होतं.

आणखी एक स्लाइड मला बोचत होती: ‘महिला कुटुंबप्रमुखांच्या घरांत खेडा खरेदी: 61%’. अशी घरं होती फक्त 18. सोप्या रीतीनेही मार्जिन 24 टक्क्यांच्या आसपास जातं. इतक्या कमी घरांवर टक्का लिहिला की वाचणाऱ्याला शंभर बायांना विचारलंय असं वाटतं. मी टक्का पुसून ‘18 पैकी 11 घरं’ एवढंच ठेवलं.

शेवटी ग्रामसभेच्या कागदावर हे गेलं:

‘आम्ही 12 गावांतल्या 240 घरांना विचारलं. 130 घरांनी कापूस गावातच व्यापाऱ्याला विकला. पण गावागावांत मोठा फरक आहे: एका गावात 20 पैकी 18, दुसऱ्यात फक्त 3. गावं बाराच असल्याने दोन्ही तालुक्यांत मिळून निम्म्याहून जास्त घरं असं करतात की कमी, हे यावरून सांगता येत नाही. सर्व्हे वेचणीच्या दिवसांत दुपारी झाला. तेव्हा घराला कुलूप असलेली मजूर कुटुंबं यात कमी आली आहेत.’

शेवटची दोन वाक्यं भाऊंनी आग्रहाने घालायला लावली आणि ते बरोबरच होतं. मार्जिन फक्त चिठ्ठीतल्या नशिबाचा फरक मोजतं. जे घरी भेटलेच नाहीत, त्यांचा हिशेब त्यात नसतो.

स्लाइड बनवणाऱ्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी घरं दुप्पट करू का? मी त्यांना 240 च घरं ठेवायला सांगितलं, पण 24 गावांतून, दर गावी 10. गावागावांतला फरक असाच राहिला तर मार्जिन 18 वरून साडेबाराच्या आसपास येतं. यंदा भाऊ संध्याकाळी फिरणार आहेत.