डब्यावर किलो, पिशवीवर लिटर

"तेलाचा मोठा डबा परवडतो की महिनाभर लागतील तशा पिशव्या?"

आमच्या चौघांच्या घराला पिशव्याच परवडतात. पण दर लिटरमागे बघाल तर स्वस्त डबाच असतो, म्हणून हिशेब सांगते.

आधी डब्यावर काय छापलंय ते वाचा. 15 किलोचा डबा वेगळा आणि 15 लिटरचा वेगळा, दिसायला मात्र दोन्ही सारखेच. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असतं आणि 15 लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच्या आत. गेल्या महिन्यात आमच्या दुकानात सोयाबीनचा 15 किलोचा डबा 2175 रुपयांना होता आणि एक लिटरची पिशवी 138 ला. शेजारच्या वहिनींनी 2175 ला 15 ने भागलं, 145 आले, आणि डबा महाग म्हणून त्या परत आल्या. ते 145 किलोचे होते. लिटरला पडत होते 132.

तेव्हापासून मी सगळे भाव किलोवरच काढते, कारण पिशव्याही सारख्या नसतात. त्याच फळीवर 132 रुपयांची एक पिशवी होती, लिटरच्या पिशवीएवढीच फुगीर. खाली बारीक अक्षरात 850 ग्रॅम. किलोला 155 रुपये झाले. 910 ग्रॅमची 138 वाली किलोला साधारण 152 ला पडते. स्वस्त दिसणारी पिशवीच तिघांत महाग निघाली.

आम्हाला महिन्याला पाच पिशव्या लागतात, 690 रुपये. तेवढंच तेल डब्यातून घेतलं तर 660. वाचले 30 रुपये. हे 30 रुपये टिकत नाहीत, हे मला डबा आणल्यावरच कळलं. पिशवी संपत आली की हात आपोआप आखडतो, डब्यातून किटली भरताना तसं होत नाही. रोज दीड चहाचा चमचा तेल जास्त पडलं तरी महिन्याला 200 ग्रॅम होतात, म्हणजे 29 रुपये. शिवाय आमच्याकडे डबा तीन महिन्यांच्या वर चालतो. फोडलेला डबा उन्हाळ्यात गॅसजवळ राहिला तर तळाच्या तेलाला खवट वास येतो, जुन्या शेंगदाण्यासारखा. तो आला की ते तेल फोडणीलाही घेऊ नये.

दिवाळीला मात्र मी डबाच आणते, वहिनींबरोबर अर्धा-अर्धा. त्यांचा रिकामा कॅन आधी काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, मग साडेसात किलो भरेपर्यंत ओतायचं. मापाने लिटर मोजत बसायचं नाही. चकल्या-शेव तळून महिन्या-दीड महिन्यात दोघींचं तेल संपतं, खवट व्हायला उरतच नाही.