‘बघून घेऊ’ या दोन शब्दांचे परिपत्रक

एका मध्यम आकाराच्या कार्यालयात मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहते. गेल्या काही वर्षांत मी जी परिपत्रके काढली, त्यांतले सर्वांत अवघड परिपत्रक दीड पानाचे होते आणि त्याचा विषय होता घरून काम करण्याचा नवा नियम. हा नियम माझ्याकडे पोहोचला तेव्हा तो तीन तुकड्यांत होता. गुरुवारी, 23 मे 2024 रोजी, बैठक संपता संपता संचालक म्हणाले होते, “पुढच्या महिन्यापासून आपण आठवड्यातून तीन दिवस तरी ऑफिसला येऊ या.” शुक्रवारी रात्री त्यांनी ग्रुपवर लिहिले, “सोमवार आणि शुक्रवार घरून काम नको. बाकी दोन दिवस चालेल. एक तारखेपासून.” रविवारी त्यांनी विभागप्रमुखांना एक ध्वनिसंदेश पाठवला आणि त्यात म्हटले, “ज्यांची अडचण आहे त्यांचं आपण बघून घेऊ, नवीन मुलांना मात्र सध्या नको.”

सोमवारी सकाळी हजेरी उघडली, तेव्हा एका विभागप्रमुखांनी त्या दिवशी घरून काम करणाऱ्या तिघांची रजा लावलेली दिसली. त्यांच्या समजुतीप्रमाणे नियम त्याच दिवसापासून सुरू झाला होता. तिघांपैकी एक जण थेट संचालकांकडे गेला, आणि दुपारी माझ्याकडे निरोप आला की उद्यापर्यंत हे सगळे एका कागदावर आणा.

कागदावर आणणे म्हणजे तीन संदेश शुद्ध भाषेत एकाखाली एक लिहिणे, असे मला सुरुवातीच्या वर्षांत वाटत असे. प्रत्यक्षात बोलण्यातले प्रत्येक वाक्य एखादा न घेतलेला निर्णय झाकून ठेवते, आणि तो निर्णय लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने घ्यायचा नसतो. म्हणून मी मसुद्याऐवजी आधी प्रश्नांची यादी केली आणि संचालकांकडून अर्धा तास मागून घेतला.

पहिला प्रश्न तारखेचा होता आणि तो लवकर सुटला. 1 जूनला शनिवार होता आणि आमचे कार्यालय पाच दिवसांचे आहे, म्हणून अंमल 3 जून 2024, सोमवारपासून ठरला. तारखेसोबत वार लिहिण्याची सवय मी मुद्दाम ठेवली आहे, कारण दोन्ही जुळत नसतील तर चूक वाचताक्षणी उघडी पडते. याच कलमात आणखी एक वाक्य घातले: 3 जूनपूर्वीच्या हजेरीला हा नियम लागू होणार नाही आणि या कारणाने लावलेली रजा रद्द करण्यात येईल. त्या तिघांची सोय या एका वाक्याने झाली, आणि विभागप्रमुखांचे नाव कुठेही न घेता झाली.

दुसरा प्रश्न ‘सोमवार आणि शुक्रवार’ यांतल्या ‘आणि’चा होता. सोमवारी नाही आणि शुक्रवारीही नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो, परंतु एका चमूने एकाच आठवड्यात दोन्ही दिवस जोडून घेऊ नयेत असा अर्थ लावला होता, आणि तोही अगदीच ओढूनताणून काढलेला नव्हता. संचालकांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. मी लिहिले, “सोमवारी किंवा शुक्रवारी, यांपैकी कोणत्याही दिवशी, घरून काम करता येणार नाही.” वाक्य थोडे लांबले, पण त्यातून दुसरा अर्थ काढायला जागा उरली नाही.

सर्वांत जास्त वेळ ‘तीन दिवस तरी’ आणि ‘दोन दिवस चालेल’ या जोडीने घेतला. पाच दिवसांच्या आठवड्यात किमान तीन दिवस कार्यालयात येणे आणि कमाल दोन दिवस घरून काम करणे यांत काहीच फरक नाही. एखाद्या आठवड्यात मंगळवारी कार्यालयाला सुट्टी आली की या दोन वाक्यांच्या वाटा वेगळ्या होतात. चार दिवसांच्या त्या आठवड्यात पहिल्या वाक्याप्रमाणे घरून कामाला एकच दिवस उरतो, तर दुसऱ्याप्रमाणे बुधवार आणि गुरुवार हे दोन्ही दिवस घरून करता येतात. स्वतःच्या रजेचेही तसेच. मी हे कॅलेंडर काढून दाखवले तेव्हा संचालक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तीन दिवस माणसं समोर हवीत, एवढंच माझं म्हणणं आहे.” म्हणजे मूळ नियम कार्यालयातल्या तीन दिवसांचा होता आणि घरचे दोन दिवस त्यातून उरलेले होते. त्यानुसार मी लिहिले की सुट्टीमुळे किंवा रजेमुळे आठवड्यातला कामाचा एक दिवस कमी झाला, तर घरून कामाचाही एक दिवस कमी होईल.

हे वाक्य माझे मलाच इतके आवडले होते की मी ते जवळजवळ तसेच ठेवणार होते. परंतु मसुदा झाला की त्यातून चार-पाच खऱ्या माणसांचा एकेक आठवडा चालवून पाहायचा, असा माझा रिवाज आहे. त्यासाठी काल्पनिक कर्मचारी उपयोगाचा नाही, कारण काल्पनिक माणूस नियमाला सोयीचेच वागतो. आमच्या लेखा विभागातल्या एका बाईंचा मागच्या महिन्यातला आठवडा मी घेतला. त्यांनी मंगळवारी आणि बुधवारी घरून काम केले होते आणि गुरुवारी अचानक ताप आल्याने रजा घेतली होती. माझ्या नव्या वाक्याप्रमाणे त्या आठवड्यात त्यांना घरून कामाचा एकच दिवस होता, म्हणजे गुरुवारच्या तापाने बुधवारचे काम नियमबाह्य ठरत होते. कोणालाही मागे जाऊन पाळता येणार नाही असा नियम मी लिहिला होता. तेव्हा ‘रजेमुळे’ हा शब्द काढून मी “आठवडा सुरू होण्यापूर्वी मंजूर झालेल्या रजेमुळे” असे केले. आठवडा म्हणजे सोमवार ते शुक्रवार आणि न वापरलेला दिवस पुढच्या आठवड्यात जाणार नाही, हेही त्याच कलमात सांगितले.

येथे मराठीपुरती एक गोष्ट नोंदवते. आपले ‘यावे’, ‘करावे’, ‘कळवावे’ हे रूप विनंतीला चालते आणि आज्ञेलाही चालते, आणि ज्याला जे सोयीचे असते तेच तो वाचतो. “तीन दिवस कार्यालयात यावे” हे वाक्य वरिष्ठाला हुकूम वाटते आणि कनिष्ठाला सल्ला. म्हणून परिपत्रकात मी तीनच क्रियापदे ठेवली: जे केलेच पाहिजे तेथे ‘बंधनकारक राहील’, ज्याची मुभा आहे तेथे ‘करता येईल’ आणि ज्याची नाही तेथे ‘करता येणार नाही’. ‘शक्यतो’ आणि ‘साधारणपणे’ हे दोन शब्द मसुद्यात शोधून शोधून काढले. भाषा त्यामुळे काहीशी कोरडी झाली खरी.

आता राहिले ‘बघून घेऊ’. बोलताना या शब्दांत आपुलकी असते आणि संचालकांनीही ते आपुलकीनेच म्हटले होते, पण कोण बघणार, कशावरून बघणार आणि बघेपर्यंत त्या माणसाने कुठे बसायचे, यांपैकी काहीच त्यांतून कळत नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. अर्ज 31 मेपर्यंत, ती तारीख धरून, विभागप्रमुखांमार्फत यावेत. मंजुरी संचालकांची असावी. निर्णय पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी मिळावा. आणि मुदतीत आलेल्या अर्जावर निर्णय होईपर्यंत त्या व्यक्तीची चालू व्यवस्था तशीच राहावी, असे ठरले. प्रत्येक सवलतीला शेवटची तारीख असेल आणि ती एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नसेल, ही अट मी सुचवली व ती मान्य झाली, कारण शेवट नसलेली सवलत वर्षभराने हक्क म्हणून समोर येते.

‘नवीन मुलां’चे भाषांतर प्रोबेशनवरील कर्मचारी असे झाले. त्यातही सहा महिने पूर्ण होणे हा निकष ठेवला नाही, कारण प्रोबेशन वाढवता येते; सेवा कायम झाल्याच्या पत्राची तारीख धरली. दोन सहकाऱ्यांच्या नियुक्तिपत्रातच कामाचे ठिकाण त्यांचे घर असे लिहिलेले होते. परस्परांनी सही केलेल्या पत्रातली अट सर्वांसाठी काढलेल्या परिपत्रकाने परस्पर बदलणे योग्य नव्हते, म्हणून त्यांना नियमाच्या बाहेर ठेवले आणि तसे स्पष्ट लिहिले.

मंगळवारी दुपारी चार वाजता सही, क्रमांक आणि निर्गमनाची तारीख घालून परिपत्रक सर्वांना गेले. मी चहा घ्यायला उठले होते. चार वाजून वीस मिनिटांनी आमच्या एक ज्येष्ठ सहकारी हातात घडी घातलेला कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. एप्रिलमध्ये त्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि 31 ऑगस्टपर्यंत पूर्ण वेळ घरून काम करण्याची परवानगी त्यांच्याजवळ होती. त्या दिवशी त्या केवळ काही कागद जमा करायला आल्या होत्या. परवानगीच्या पत्रावर सही माझीच होती.

“म्हणजे हे पत्र आता गेलं का?” त्यांनी विचारले.

मी शेवटचे कलम पुन्हा वाचले. “या विषयावर यापूर्वी दिलेल्या सर्व तोंडी व लेखी सूचना आणि परवानग्या या परिपत्रकाने रद्द करण्यात येत आहेत.” बैठकीतले वाक्य, ग्रुपवरचा संदेश आणि ध्वनिसंदेश यांचा आधार पुन्हा कोणी घेऊ नये एवढ्यासाठी ते कलम होते, आणि ‘परवानग्या’ हा शब्द मी केवळ वाक्य भरल्यासारखे वाटावे म्हणून जोडला होता. त्या एका शब्दाने त्यांचे पत्र 3 जूनपासून निरर्थक झाले होते. चालू व्यवस्था राहील हे संरक्षण अर्ज करणाऱ्यांनाच होते, आणि त्यांनी अर्ज करण्याचे कारणच नव्हते. आदल्या संध्याकाळी मी ज्या माणसांचे आठवडे चालवून पाहिले त्यांत त्या नव्हत्या; कार्यालयात न दिसणारे माणूस मला आठवले नाही, हे मान्य करावे लागते.

फाइल दुरुस्त करून त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवण्याचा मोह पाच मिनिटे झाला. पण एकाच क्रमांकाच्या दोन प्रती फिरू लागल्या की कोणती खरी यावर नवा वाद सुरू होतो, म्हणून मी स्वतंत्र तारीख घालून शुद्धिपत्रक लिहिले: परिपत्रकाच्या शेवटच्या कलमातील ‘आणि परवानग्या’ हे शब्द वगळण्यात येत आहेत; 28 मे 2024 पूर्वी लेखी दिलेल्या वैयक्तिक परवानग्या, त्यांत नमूद केलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून, कायम राहतील. संचालकांनी ते वाचून सही केली आणि फक्त एवढेच विचारले की अशा परवानग्या किती आहेत. मी नोंदवही पाहून सांगितले, चार.

त्या सहकारी शुद्धिपत्रक निघेपर्यंत थांबल्या होत्या. त्यांनी ते सावकाश वाचले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटली आणि म्हणाल्या, “31 ऑगस्टला शनिवार आहे. म्हणजे मी 2 सप्टेंबरला, सोमवारी यायचं, बरोबर?”

“बरोबर,” मी म्हटले, आणि त्यांच्या पत्राच्या कार्यालयीन प्रतीवर वारासकट ती तारीख लिहून ठेवली.