तीन घड्याळे आणि एक कॉल: माझा अनुभव

मार्च २०२५ पासून बर्लिनमधील एक संपादिका आणि न्यूयॉर्कमधील एक सल्लागार यांच्याशी दर पंधरा दिवसांनी पाऊण तासाचा कॉल ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. दोघांशीही पूर्वीची ओळख नव्हती आणि वेळ मागणारा मी होतो, त्यामुळे गैरसोय कोणाची व्हायची हा प्रश्न माझ्या दृष्टीने सुटलेलाच होता.

तिघांच्याही नऊ ते पाच या वेळा एकाखाली एक मांडल्यावर तिघांना सामाईक असा एकही तास निघाला नाही. बर्लिन आणि न्यूयॉर्क यांचे मात्र दोन तास जुळत होते: न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ ते अकरा म्हणजे बर्लिनचे दुपारचे तीन ते पाच, आणि हिवाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात ते साडेनऊ. नवाच्या ठोक्याला कोणाला कॉलवर बसवणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून मी साडेनऊपासून पुढच्या वेळा निवडल्या.

पहिल्याच पत्रात ‘आपल्याला केव्हा जमेल?’ असे विचारणे नम्र वाटते, पण त्याने वेळांचे सगळे गणित समोरच्याच्या गळ्यात पडते. अनोळखी ज्येष्ठ व्यक्तीला वेळ निवडण्याची लिंक पाठवणेही मला कोरडे वाटते. त्याऐवजी मी वेगवेगळ्या दिवसांचे तीन पर्याय दिले आणि प्रत्येक पर्यायापुढे वार, तारीख व तिन्ही शहरांची वेळ लिहिली. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, ४ मार्च: न्यूयॉर्क सकाळी ९:३०, बर्लिन दुपारी ३:३०, भारत रात्री ८:००.’ वेळेपुढे शहराचे नाव लिहिण्याला कारण आहे. IST ही अक्षरे भारत, आयर्लंड आणि इस्रायल या तिन्ही ठिकाणी चालतात, तर CST अमेरिकेच्या मध्य भागात एक वेळ दाखवते आणि चीनमध्ये दुसरी. शेवटी लिहिले, ‘यांपैकी एकही वेळ सोयीची नसल्यास तसे निःसंकोच कळवावे, शुक्रवारपर्यंत या तिन्ही वेळा मी राखून ठेवत आहे.’ ही मुदत घातली की उत्तर देणाऱ्याला घाई वाटत नाही आणि आपल्यालाही त्या वेळा अनिश्चित काळ अडकवून ठेवाव्या लागत नाहीत.

संपादिकाबाईंचे उत्तर आले की गुरुवारी चारनंतर त्या नसतात. सल्लागारांना मंगळवार चालणार होता. मंगळवार ठरला, पण खरी अडचण पुढेच होती. उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेतील घड्याळे ९ मार्चला एक तास पुढे जाणार होती, युरोपातील ३० मार्चला, आणि आपली कधीच नाही. कॉल होते ४ मार्च, १८ मार्च आणि १ एप्रिलला, म्हणजे तिन्ही वेळा शहरांमधले अंतर वेगळे.

कॅलेंडरमधील पुनरावर्ती निमंत्रण, ते बनवताना निवडलेल्या टाइम झोनला बांधलेले असते. मी ते नेहमीप्रमाणे Asia/Kolkata वर ठेवले असते, तर माझे आठ कायम राहिले असते. पण १८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये साडेदहा वाजले असते, आणि १ एप्रिलला बर्लिनमध्ये कॉल साडेचारला सुरू होऊन सव्वापाचपर्यंत, म्हणजे बाईंची कामाची वेळ उलटून गेल्यावरही, चालला असता. म्हणून मी निमंत्रणाचा टाइम झोन बदलून America/New_York केला. आता ९ मार्चनंतर तासाचा फरक माझ्याकडे येत होता आणि आठचे सात होत होते, ज्याची मला काहीच तक्रार नव्हती.

बर्लिनला मात्र १८ मार्चचा एक कॉल दुपारी अडीचला येत होता. निमंत्रणातले हे सरकणे सहज नजरेतून सुटते, म्हणून निमंत्रणासोबतच्या पत्रात मी तिन्ही तारखांच्या वेळा स्वतंत्र ओळींत लिहिल्या आणि १८ तारखेच्या ओळीखाली ‘या दिवशी बर्लिनमध्ये एक तास आधी’ असे स्पष्ट नोंदवले. त्या ओळीमुळेच बाईंच्या लक्षात आले की अडीच ते तीन त्यांची विभागाची बैठक असते. मालिकेला हात न लावता मी तेवढा एक कॉल अर्ध्या तासाने पुढे नेला: न्यूयॉर्क दहा, बर्लिन तीन, भारत साडेसात. असा बदल करताना कॅलेंडर ‘फक्त हा कार्यक्रम की पुढील सर्व’ असे विचारते, तिथे घाई करू नये. चुकीचा पर्याय निवडला तर पुढचे सगळे कॉल सरकतात.

शरद ऋतूत हाच प्रकार उलट्या क्रमाने होतो, पण अंतर एकाच आठवड्याचे असते. २०२५ मध्ये युरोपची घड्याळे २६ ऑक्टोबरला मागे गेली आणि अमेरिकेची २ नोव्हेंबरला. आमचा २८ ऑक्टोबरचा कॉल नेमका त्या आठवड्यात पडत होता आणि बर्लिनमध्ये पुन्हा अडीच वाजत होते. सप्टेंबरअखेरीसच मी दोघांना पत्र पाठवून तोही न्यूयॉर्कच्या दहा वाजता घेण्याचे सुचवले, आणि त्याच पत्रात कळवले की ११ नोव्हेंबरपासून त्या दोघांच्या वेळा पूर्ववत साडेनऊ आणि साडेतीन होतील, फक्त माझे पुन्हा आठ वाजतील.