चौकट किती आत?

मुख्य दरवाजाचा रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र, पसंत करायला फार वेळ लागणार नाही, असं वाटलं होतं. सागवान ठरलं, पॅनेलवर कमळाचं कोरीव काम ठरलं, पितळी मूठ आणि कडीही ठरली. घोडं अडलं ते चौकटीपाशी. डिझायनरच्या ऑफिसातून आलेल्या चित्रात दरवाजा बाहेरच्या भिंतीला सपाट, तिकीट चिकटवल्यासारखा. विचारलं की ठरलेलं उत्तर, "सर, कॅमेरा अँगलमुळे तसं दिसतंय."

कॅमेऱ्याचा काय संबंध? आमची भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मिमी. बाहेरून २० आणि आतून १२ मिमी प्लास्टर धरलं की २६२. चौकटीचं लाकूड पाच बाय अडीच इंच. दरवाजा आत उघडणारा, त्यामुळे चौकट आतल्या प्लास्टरशी समपातळीत बसते. म्हणजे बाहेरून बघताना चौकटच १३५ मिमी आत. आणि ३८ मिमी जाडीची फळी चौकटीच्या आतल्या खाचेत बसते, ती त्याहून मागे. २६२ वजा ३८, म्हणजे बाहेरच्या भिंतीपासून कोरीव फळी २२४ मिमी आत, जवळजवळ नऊ इंच! हे गणित मिस्त्रींनी उभ्या उभ्या टेप लावून सांगितलं. ऑफिसला ते मेलवर लिहून पाठवलं, तरी पुढच्या चित्रात फक्त लाकडाचा रंग बदललेला.

शेवटी सावलीवरून बोललो. चित्रात ऊन डावीकडून ४५ अंशांत येतंय, तर भिंतीच्या कडेची सावलीही आत २२४ मिमी पडायला हवी. त्यातली अडीच इंच चौकट खाईल, उरलेली सुमारे १६० मिमी फळीवर, म्हणजे डावी उभी पट्टी जवळपास पूर्ण सावलीत. तुमच्या चित्रात त्याच पट्टीवरची पितळी मूठ उन्हात झळकतेय, ती कशी? त्यावर मात्र "बघतो" आलं, आणि मॉडेलमध्ये चौकट खरोखर आत सरकली. कोरीव काम नुसता फोटो होता हेही तेव्हाच कळलं. कमळाच्या पाकळ्यांची सावली उन्हाच्याच बाजूला पडलेली होती.

हो, एक राहिलं. बाहेर दगडी क्लॅडिंग लावणार असाल, तर त्याची जाडीही यात धरा; तेवढी फळी आणखी आत जाते. चित्राबरोबर दरवाजाचा आडवा छेद मागायचा, मापं घालून. पितळ काळं दिसलं तर रंग बदलू देऊ नका. समोर आभाळ, अंगण असं काही प्रतिबिंब पडण्याजोगं नसलं की चकचकीत पितळ रेंडरमध्ये काळंच येतं.

आता ऑफिसची तक्रार, दरवाजा अंधारा दिसतो. दिसणारच, तो नऊ इंच आत आहे. म्हणून चौकटीच्या वर दिव्याचा पॉइंट काढून घेतला, प्लास्टर व्हायच्या आत.