आजचा भाकरीचा क्लास

आज रविवारच्या बॅचला चार पोरं होती, सगळी रूम घेऊन राहणारी. विषय ज्वारीची भाकरी. आमच्या ओट्यापाशी जेमतेम तिघं मावतात, चौथा फ्रिजला टेकून उभा.

पहिल्या तिन्ही भाकऱ्या परातीतच फाटल्या. थापताना कडेला चिरा आणि उचलली की दोन तुकडे. एक जण म्हणाला, "काकू, माझ्या हातालाच येत नाही." मी पीठ चिमटीत घेऊन बघितलं. हाताचा दोष नव्हता, पिठाची विरी गेली होती. पिशवी कधी दळून आणली होती ते मलाच आठवेना! (शिकवणारीचीच चूक, काय बोलणार.)

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यात पीठ जुनं झालं की ते अजिबात धरत नाही. मग उकड काढली. वाटीभर पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घातलं, गॅस बंद करून वाटीभर पीठ ढवळलं आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. कोमट झाल्यावर तळहाताच्या टाचेने चांगलं मळलं. आता गोळा दाबला तरी कडेला चीर नाही.

पुढची गडबड तव्यावर. वरून फिरवलेलं पाणी पूर्ण वाळू दिलं तर भाकरी तडकते, फार ओली उलटली तर तव्याला चिकटते. ओलसर चमक जाता जाता उलटायची.

फ्रिजवाल्याची पाचवी भाकरी टम्म फुगली. फोटो आधी आईला गेला, मग पिठलं वाढून घेतलं.